मरत होता आणि मेला : फ्रेंच भाषेतील अपूर्ण भूतकाळाची कुळकथा

फ्रेंच भाषा शिकू लागलेल्या विद्यार्थ्यास पहिल्या वर्षातच एक नियम पाठ करावा लागतो. त्या भाषेत 'अँपार्फे' नावाचा एक भूतकाळ आहे. तो साधावयाचा असेल तर वर्तमानकाळातील 'नू' चे, म्हणजे 'आम्ही' चे, रूप घ्यावे, त्याच्या शेवटचा 'ओं' हा प्रत्यय काढून टाकावा, आणि जे अंग उरेल त्यास अपूर्ण भूतकाळाचे प्रत्यय लावावेत. 'बुआर' म्हणजे पिणे. 'नू ब्यूव्हों' म्हणजे आम्ही पितो. 'ओं' काढला की 'ब्यूव्ह' उरते, त्यास प्रत्यय लावला की 'झ ब्यूव्हे', मी पीत होतो किंवा मी पीत असे. नियम सोपा आहे आणि सहसा दगा देत नाही. परंतु ज्यास व्याकरणात थोडीबहुत जिज्ञासा आहे त्यास येथे एक प्रश्न पडल्यावाचून राहत नाही. 'मी', 'तू', 'तो' यांना डावलून हा मान 'आम्ही' सच का मिळावा? आणि 'मी पीत असे' हे म्हणावयास आधी 'आम्ही पितो' च्या दारी का जावे?

शिक्षकांस विचारले तर बहुधा 'नियमच तसा आहे' एवढेच उत्तर मिळते. खरे उत्तर इतिहासात आहे, आणि ते कळले म्हणजे त्या काळाचे रूप व त्याचा अर्थ या दोहोंवरही उजेड पडतो. म्हणून आम्ही प्रथम रूपाची कुळकथा सांगतो व नंतर अर्थाकडे वळतो.

फ्रेंच ही लॅटिनची लेक आहे, हे वाचकांस सांगावयास नको. लॅटिनमध्ये शब्दातील एका अवयवावर उच्चाराचा जोर पडत असे. त्यास आपण आघात म्हणू. 'प्रेम करणे' या अर्थाचे 'अमारे' हे क्रियापद घ्या. 'तो प्रेम करतो' हे 'आमत'. येथे आघात पहिल्या अवयवावर, म्हणजे धातूवर पडे. 'आम्ही प्रेम करतो' हे 'अमामुस'. येथे शब्द लांबला, आघात पुढे सरकला आणि प्रत्ययावर जाऊन बसला. 'मी प्रेम करीत असे' हे 'अमाबम'. येथेही आघात प्रत्ययावरच. इतकेच नव्हे तर अपूर्ण भूतकाळाच्या साऱ्या पुरुषांत व दोन्ही वचनांत तो प्रत्ययाच्याच बाजूला राहिला, धातूकडे परतून आलाच नाही.

पुढे शतकानुशतके उत्तर गॉलमधील लोकांच्या तोंडी ही लॅटिन झिजत गेली. झिजताना एक गोष्ट नेमाने घडली. ज्या स्वरावर आघात होता तो फुगला, त्याचे रूप पालटले; ज्यावर नव्हता तो जसाच्या तसा राहिला किंवा दुबळा झाला. त्यामुळे 'आमत' मधला धातूचा 'अ' पालटून 'एम' असे रूप झाले, तर 'अमामुस' मधला 'अ' तसाच राहून 'अमों' झाले. एकाच क्रियापदाची अशी दोन अंगे पडली. एक जोरकस अंग 'मी, तू, तो, ते' यांच्याकडे गेले. दुसरे मऊ अंग 'आम्ही, तुम्ही' यांच्याकडे. अपूर्ण भूतकाळात आघात सर्वत्र प्रत्ययावर असल्यामुळे तेथे मऊ अंगच सगळीकडे लागले.

आता कोडे उलगडते. अँपार्फे हा 'नू' च्या पोटी जन्मलेला नाही. दोघेही एकाच आघाताच्या छायेत वाढलेली भावंडे आहेत, म्हणून त्यांचा चेहरा सारखा. पाठ्यपुस्तक एका भावंडाच्या तोंडवळ्यावरून दुसऱ्यास ओळखावयास शिकविते. ती ओळखण्याची सोय आहे, उत्पत्तीचे कारण नव्हे.

हे दोन अंगांचे भांडण फ्रेंचमध्ये आजही काही क्रियापदांत दिसते. पिण्याच्या क्रियापदात 'ते पितात' हे 'इल ब्वाव्ह', पण 'आम्ही पितो' हे 'नू ब्यूव्हों'. मरण्याच्या क्रियापदात 'तो मरतो' हे 'इल मर', पण 'आम्ही मरतो' हे 'नू मूरों'. (लॅटिनचा 'मोरी' हा धातू आणि आपला 'मृ' हे एकाच मूळचे असल्यामुळे हे शब्द मराठी कानास परके वाटू नयेत.) अर्थात भूतकाळी 'इल ब्यूव्हे' आणि 'इल मूरे', मऊ अंगाची रूपे. बहुसंख्य क्रियापदांत मात्र भाषेने पुढे हा भेद पुसून टाकला. 'प्रेम करणे' यात जोरकस अंगाचा जय झाला. जुने 'अमों' जाऊन 'एमों' आले. आणि त्याच्याबरोबर अपूर्ण भूतकाळही मुकाट्याने आपला 'अ' टाकून 'एमे' झाला. घर बदलले ते दोघांनी मिळून बदलले. जुन्या अंगाची आठवण 'प्रियकर' या अर्थाच्या 'आमां' या नामात तेवढी शिल्लक आहे.

नियमास अपवाद एकच, आणि तो या उपपत्तीचा साक्षीदार आहे. 'असणे' या क्रियापदाचे 'आम्ही आहोत' हे 'नू सॉम'. त्यास 'ओं' प्रत्ययच नाही, मग काढणार काय? त्याचा भूतकाळ 'एते' असा आहे व त्याचा संबंध सामान्यतः लॅटिनच्या 'स्तारे', म्हणजे उभे राहणे, या क्रियापदाशी लावतात. हा आपल्या 'स्था' चा भाऊ. लॅटिनमधून थेट आलेले 'एरे' असे जुने रूप मध्ययुगीन फ्रेंचमध्ये होते, पण ते टिकले नाही. अँपार्फे खरोखरच 'नू' पासून बनत असता तर येथेही 'सॉम' पासून काही तरी बनले असते. तसे झाले नाही.

प्रत्ययांचीही कथा थोडक्यात सांगतो. 'अमाबम' मधला 'ब' इटालियनने 'व' करून ठेवला, आणि तेथे आजही 'अमावा' म्हणतात. उत्तर फ्रान्समध्ये तो गळून गेला. शिवाय लॅटिनमधील क्रियापदांच्या वेगवेगळ्या गणांचे वेगवेगळे प्रत्यय होते, त्यांपैकी एका गणाच्या 'एबम' या प्रत्ययापासून झालेला प्रत्यय सर्वांवर पसरला. तो मध्ययुगात 'ओ' आणि 'इ' या दोन अक्षरांनी लिहीत. उच्चार हळूहळू 'वे' व पुढे नुसता 'ए' झाला, पण लेखणी मागेच राहिली. १६७५ साली निकोला बेरँ नावाच्या वकिलाने 'ओ' च्या जागी 'अ' लिहावा अशी सूचना केली. अठराव्या शतकात व्हॉल्तेअरने तिचा हिरिरीने पुरस्कार केला. आणि फ्रेंच अकादमीने आपल्या कोशाच्या सहाव्या आवृत्तीत, म्हणजे १८३५ साली, ती मान्य केली. सूचना आणि मान्यता यांत एकशे साठ वर्षे गेली. जुन्या छापील पुस्तकांत अपूर्ण भूतकाळाच्या शेवटी 'ओइ' दिसला म्हणजे वाचकाने गोंधळू नये. काळ तोच आहे, पोशाख जुना आहे.

या झिजेचा एक परिणाम असा की 'मी, तू, तो, ते' या चारही पुरुषांची रूपे आज कानास एकच ऐकू येतात. लेखनात मात्र त्यांची तीन रूपे आहेत. भेद डोळ्यांस दिसतो, कानास नाही. म्हणून फ्रेंच माणसास कर्त्याचे सर्वनाम प्रत्येक वेळी उच्चारावेच लागते. मराठीत 'पीत होतो' म्हटले की 'मी' गाळता येतो, तेथे ती सवलत नाही.

आता अर्थाकडे वळू. 'अँपार्फे' याचा शब्दार्थ अपूर्ण. मराठी व्याकरणात जेथे दोन घरे आहेत, तेथे फ्रेंचमध्ये हे एकच घर आहे. 'तो पीत होता' यास आपण अपूर्ण भूत म्हणतो. 'तो पीत असे', 'तो पिई', 'तो येई, बसे, बोले' यांस रीतिभूत म्हणतो. पहिल्यात एका क्षणी चालू असलेली क्रिया, दुसऱ्यात पुनःपुन्हा घडणारी सवय. फ्रेंच माणूस दोहोंसही 'इल ब्यूव्हे' म्हणतो. याच्या समोर दुसरा भूतकाळ उभा असतो, तो 'पास्से सँप्ल', साधा भूत. हा आज केवळ लेखनात, मुख्यत्वे कथेत व इतिहासात, राहिला आहे. बोलण्यात त्याची जागा साहाय्यक क्रियापदाने बनणाऱ्या 'पास्से कोंपोझे' ने घेतली आहे. पण अँपार्फेशी असलेला विरोध दोन्हीकडे तोच.

हा विरोध कशाचा? पुष्कळ विद्यार्थी समजतात की लांबलेल्या क्रियेस अँपार्फे व अल्पकाळच्या क्रियेस दुसरा भूतकाळ. ही समजूत चुकीची आहे, आणि ती किती चुकीची आहे हे चौदाव्या लुईच्या उदाहरणाने चांगले दिसते. हा राजा १४ मे १६४३ रोजी गादीवर आला आणि १ सप्टेंबर १७१५ रोजी वारला. 'त्याने बहात्तर वर्षे राज्य केले' हे वाक्य फ्रेंचमध्ये लिहावयाचे असता क्रियापद साध्या भूतात येते, 'रेन्या'. अँपार्फेत, म्हणजे 'रेन्ये', येत नाही. एवढे लांब राज्य युरोपच्या इतिहासात क्वचितच सापडावयाचे, तरीही अँपार्फे चालत नाही. कारण 'बहात्तर वर्षे' म्हणताच क्रियेला दोन्ही टोके आली, ती बाहेरून मोजली गेली, पुरी झाली. उलट 'मार्च १६६१ मध्ये माझारँ वारला तेव्हा लुई अठरा वर्षांपासून राज्य करीत होता' असे म्हटले तर 'रेन्ये' हवे. राज्य तेच, राजा तोच. पण या वाक्यात आपण त्या राज्याच्या आत उभे आहोत आणि त्याचे दुसरे टोक आपल्याला दिसत नाही. काळाची लांबी हा भेद नव्हे, टोक दिसते की नाही हा भेद होय.

सवयीचे वर्णन याच न्यायाने अँपार्फेत येते. या राजाच्या अखेरच्या वर्षांतील दिनक्रम ड्यूक सँ-सीमों याने आपल्या आठवणींत लिहून ठेवला आहे. आठ वाजता खोलीतच निजलेला मुख्य सेवक राजास जागे करी. मग वैद्य येत, दरबारी आपापल्या हक्काच्या क्रमाने आत शिरत. रात्री दहाला राजा जेवावयास बसे. येथे आम्ही 'करी, येत, बसे' अशी रूपे वापरली ती उगाच नव्हेत; मराठीत ही रीतिभूताची जागा आहे आणि फ्रेंचमध्ये अँपार्फेची. 'जागे करी' हे 'एव्हेये', 'जागे केले' हे 'एव्हेया'. लेखनात दोहोंमध्ये अवघ्या दोन अक्षरांचे अंतर आहे. एवढ्या अंतराने पहिले वाक्य सांगते की हे रोजचे, आणि दुसरे सांगते की हे एकदाच, अमुक दिवशी घडले.

आता तोच राजा मृत्युशय्येवर पाहू. हे वाक्यखंड आमचे आहेत, घटना मात्र इतिहासातल्या आहेत. ऑगस्ट १७१५ चा अखेरचा आठवडा होता. राजा अंथरुणावर पडून होता. पाय सडत चालला होता. दारापाशी दरबारी वाट पाहत होते. येथपर्यंतची सारी क्रियापदे अँपार्फेत जातील. 'वाट पाहत होते' याचे 'अतांदे' हे रूपही 'नू अतांदों' वरूनच साधते. या वाक्यांपैकी कोणत्याही दोघांची अदलाबदल केली तरी बिघडत नाही, कारण त्यांत आधी-नंतर नाही. ती सारी एकाच वेळची आहेत. हाच देखावा, हीच पार्श्वभूमी. पुढे वाचा. २६ तारखेस राजाने आपल्या पाच वर्षांच्या पणतूस जवळ बोलाविले, त्यास अखेरचा उपदेश केला, आणि १ सप्टेंबरच्या सकाळी तो मेला. ही तीनही क्रियापदे साध्या भूतात जातील. यांची अदलाबदल करून पाहा, इतिहासच उलटापालटा होईल. 'इल मूर्यू' म्हणजे तो मेला. 'इल मूरे' म्हणजे तो मरत होता, आणि एवढ्यावरून तो खरोखर मेला की नाही हे कळत नाही. वैद्याने वाचविलाही असेल. अपूर्ण हे नाव किती सार्थ आहे ते येथे पटते.

यावरून मराठी वाचकास एक कसोटी मिळते. फ्रेंच वाक्य लिहिताना मनाशी मराठी वाक्य म्हणून पाहावे. 'करीत होता' किंवा 'करीत असे' बसत असेल तर अँपार्फे घ्यावा; 'केले' च बसत असेल तर दुसरा भूतकाळ. इंग्रजीमार्गे फ्रेंच शिकणाऱ्यास ही सोय नाही, कारण इंग्रजीचा साधा भूतकाळ सवयीलाही चालतो आणि घटनेलाही. 'त्याला ठाऊक होते' आणि 'त्याला कळले' हा भेदही फ्रेंच एकाच क्रियापदाने दाखविते. पहिले 'साव्हे', दुसरे 'स्यू'. मराठीत शब्दच निराळे असल्यामुळे आपली येथे चूक होत नाही.

कसोटी फसते ती 'होता' या शब्दाशी. 'तो आजारी होता' आणि 'तो बहात्तर वर्षे राजा होता' या दोन्ही वाक्यांत मराठी 'होता' च म्हणते. फ्रेंच पहिल्यास 'एते' म्हणेल व दुसऱ्यास 'फ्यू'. येथे कान मदत करीत नाही. वाक्यात क्रियेची मुदत मोजली आहे काय, हे पाहावे लागते.

आणखी एक सापळा सांगितला पाहिजे, कारण तो अर्धवट शिकलेल्यास अचूक पकडतो. एकोणिसाव्या शतकापासून फ्रेंच लेखक, आणि पाठोपाठ इतिहासकार व पत्रकार, एखादी एकदाच घडलेली ठळक घटना मुद्दाम अँपार्फेत सांगू लागले. '१ सप्टेंबर १७१५ रोजी लुई मूरे' असे वाक्य आढळले तर त्याचा अर्थ तो मरणोन्मुख होता असा नव्हे. तो त्या दिवशी मेला, असाच. लेखक वाचकास त्या क्षणाच्या आत उभा करून तो क्षण लांबवितो इतकेच. ओळखण्याची खूण ही की अशा वाक्यात नेमकी तारीख किंवा 'दुसऱ्या दिवशी' यासारखा शब्द असतो व त्यानंतर त्या क्षणी दुसरे काही घडत नाही. फ्लोबेरने तर कादंबरीतील कंटाळवाणे, न सरणारे आयुष्य दाखविण्यास अँपार्फेचा इतका वापर केला की १९२० साली मार्सेल प्रूस्तने त्याच्या शैलीवर लिहिताना या काळाचा खास विचार केला.

हा सारा सूक्ष्म भेद आमच्या वाचकांच्या कोणत्या कामाचा, असे कोणी विचारील. आम्ही मराठ्यांच्या इतिहासातलेच उत्तर देतो. १६७७ साली शिवाजी महाराज कर्नाटकच्या स्वारीवर असताना पाँडिचेरीच्या फ्रेंच वसाहतीचा प्रमुख फ्रांस्वा मार्तँ याने जेर्मँ नावाचा आपला माणूस महाराजांच्या छावणीत पाठविला होता. त्याने पाहिलेल्या छावणीचा साधेपणा मार्तँने आपल्या आठवणींत नोंदविला. त्या आठवणी १९३१ ते १९३४ या काळात पॅरिसला छापल्या गेल्या. आपल्याकडील बहुतेक अभ्यासकांच्या हाती असे साहित्य येते ते इंग्रजी भाषांतरांतून. आता कल्पना करा की अशा एखाद्या फ्रेंच नोंदीत 'सैनिक उघड्यावर निजत' या अर्थाचे वाक्य आहे. हे वाक्य आम्ही उदाहरणादाखल रचले आहे. मूळात 'दॉर्मे' असेल तर साक्षीदार सैन्याची रीत सांगतो, किंवा आपण पोहोचलो त्या वेळचा देखावा सांगतो. 'दॉर्मीर' असेल तर एका रात्रीची हकीकत सांगतो. कदाचित त्या रात्री तंबू मागेच राहिले असतील. इंग्रजी भाषांतरात दोहोंचेही रूप एकच होईल. पहिल्यावरून सैन्याच्या शिस्तीविषयी विधान करता येईल, दुसऱ्यावरून करता येणार नाही.

आणि 'दॉर्मे' असले तरी काम संपत नाही, हेही सांगितले पाहिजे. रीत आणि देखावा यांना फ्रेंचमध्ये एकच घर आहे, हे आपण पाहिले. यांपैकी कोणता अर्थ घ्यावयाचा ते 'रोज', 'नेहमी', 'त्या वेळी' अशा सोबतच्या शब्दांवरून, आणि ते नसतील तर साक्षीदार तेथे किती दिवस राहिला यावरून ठरवावे लागते. एका दिवसाच्या पाहुण्याने अँपार्फे वापरला म्हणून त्यास सवयीचा साक्षीदार मानता येत नाही. मराठीत भाषांतर करणाऱ्यास मात्र येथे पळवाट नाही. त्यास 'निजत असत' लिहावे लागते किंवा 'निजले होते' लिहावे लागते. फ्रेंचने जे मोघम ठेवले त्याचा निवाडा मराठी भाषांतरकाराच्या लेखणीला करावा लागतो, आणि तो करण्यापूर्वी मूळ शब्दाचा प्रत्यय त्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेला असला पाहिजे.